पाचवा कप्पा

मामानं ती पेटी दोन दिवसांत बांधली. आत पाच कप्पे, बाहेरून करडं कापड, कडांना पातळ चामडं. माझं काम बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार तुकडे उभे करून भागलं असतं, पण मामानं पस्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बांधली होती आणि बुटाचं खोकं त्याच्या टेबलावर चाललं नसतं. निवृत्तीनंतर त्यानं घराच्या मागच्या खोलीत ते टेबल मांडलं होतं. खळीचं भांडं, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, सुया, मेण लावलेला दोरा, आणि भिंतीला लागून पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. पेटी त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “घे मास्तरीणबाई. आता यात अक्कल भर.”

पेटी मामीसाठी होती, असंच म्हणायला हवं. मामी सतरा वर्षं परदेशात एका वृद्धाश्रमात परिचारिका होती. ती गेली तेव्हा वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे असं सगळे म्हणत होते. मग आजीला पक्षाघात झाला. आजी मामाची आई. एकानं तिकडची नोकरी सांभाळायची आणि एकानं आजीजवळ राहायचं, असं ठरलं. ते पंधरा वर्षं ठरलेलंच राहिलं. मामी वर्षातून एकदा यायची, महिनाभर राहायची, जाताना आजीची औषधं खणांत लावून जायची. गेल्या वर्षी आजी गेली. त्यानंतर तीनच महिन्यांनी मामीच्या हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं निघालं. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. तिचे उपचार तिकडेच चालू होते आणि त्या अवस्थेत इतका लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. म्हणजे जायचं ते मामानं.

नवऱ्याला बायकोजवळ कायमचं राहायला जायचं, तर तिथली भाषा थोडी येते असा दाखला लागतो. सगळ्यात खालच्या पायरीचा. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, प्रत्येकाला पंचवीस गुण, शंभरातले साठ मिळाले की झालं. मामा तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता.

तो शिकवणीला जायला लागला तेव्हा वर्गात सगळी विशी-पंचविशीतली मुलं होती. मामा पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागून त्याला नीट ऐकू येत नसे. घरी येऊन तो प्रत्येक शब्द वहीत वीस वेळा लिहायचा. मोत्यासारखं अक्षर. दीड महिन्यात तीन वह्या भरल्या, आणि त्यातले शब्द विचारले की तो माझ्याकडे असं बघायचा, जणू मी त्याच्या शेजाऱ्याबद्दल विचारतेय. त्याला सगळे तोंडओळखीचे वाटायचे, पण नाव कुणाचंच सांगता येत नव्हतं.

मी नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. शेवटच्या वर्षी स्मृतीवर एक प्रकल्प केला होता, तेवढ्या भांडवलावर मी मामाला सांगितलं की वीस वेळा लिहून हात शिकतो, डोकं नाही. डोक्याला आठवायला लावलं तरच ते शिकतं, आणि विसरायच्या जरा आधी पुन्हा आठवायला लावलं तर जास्त दिवस टिकतं. म्हणून पेटी. कार्डाच्या एका बाजूला आपला शब्द किंवा चित्र, दुसऱ्या बाजूला तिकडचा. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जाणार. नाही आलं तर, कुठल्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात.

“सापशिडीच की,” मामा म्हणाला.

“शिडी लहान आणि साप लांब, एवढाच फरक.”

शिकवणीच्या बाईंना मी भेटून आले. त्या स्वतः पन्नाशीच्या, कोरड्या आवाजाच्या आणि फार समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं की तुमच्या मामांना ऐंशी गुणांची स्वप्नं दाखवू नका. वाचणं आणि लिहिणं यांत ते कमावतील, ऐकण्यात गमावतील, बोलण्यात पाठ केलेलं नीट म्हटलं तर निभावतील. पासष्ट धरा, म्हणजे साठ पडतील. त्यांनी आम्हाला साधारण चारशे शब्दांची यादी करून दिली. बाकीचे परीक्षेत आले तर आले. फॉर्म भरणं, तीस शब्दांची चिठ्ठी लिहिणं, स्वतःची ओळख सांगणं, आणि समजलं नाही की ‘कृपया पुन्हा सांगा’ म्हणणं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी पाठ करा, असं त्या म्हणाल्या. बोलण्याच्या परीक्षेत ते म्हटल्याबद्दल गुण जात नाहीत, गप्प बसल्याबद्दल जातात.

मग मी वेळापत्रक केलं. सकाळी चहानंतर वीस मिनिटं पेटी, संध्याकाळी दहा. दिवसाला तीनच नवी कार्डं, रविवारी एकही नाही. दुपारची झोप बंद करायची नाही, कारण झोपेत शिकलेलं बसतं. हे ऐकून मामा म्हणाला की इतकी चांगली शाळा त्याला लहानपणी का मिळाली नाही. कानांच्या डॉक्टरकडेही मी त्याला नेलं. एका कानातून त्यांनी एवढा मळ काढला की मामानं परतताना निम्मी भाषा त्यातच अडकली असणार असं जाहीर केलं. दाराला, खिडकीला, नळाला, प्रेसला त्या भाषेतल्या चिठ्ठ्या लागल्या. त्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत म्हणून मामा आधी खूश झाला होता, पण टेबल तिकडे पुरुष निघालं आणि त्याला ते पटेना. मग त्यानं कार्डांच्या कडांना निळी, लाल आणि हिरवी कापडाची पट्टी चिकटवली. पस्तीस वर्षांचा हात होता. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात, ज्या दिवशी ते केलं ती तारीख मी पेन्सिलीनं लिहीत असे. प्रकल्पातली सवय.

मामीचा फोन रोज संध्याकाळी साडेसहाला यायचा. तिला पद्धत समजावून सांगितली तेव्हा तिला ती लगेच कळली, आणि त्या दिवसापासून तिचा पहिला प्रश्न ठरून गेला: पाचव्या कप्प्यात किती? मामा सांगायचा, अकरा. मग एकोणीस. मग चाळीस. आकडा ऐकला की मामीचा आवाज बदलायचा, हे मला शेजारच्या खुर्चीवरून ऐकू यायचं. ती म्हणायची, अहो, वर्गात पहिले येणार तुम्ही. मामा म्हणायचा, वर्गातली पोरं पेटी बांधत नाहीत ना.

मी या आकड्यांचा आलेख काढून भिंतीवर लावला. पाच महिन्यांत तो दोनशे त्रेसष्टवर पोचला. रेघ इतकी सरळ होती की पट्टीनं ओढल्यासारखी. मला तिचा अभिमान वाटत होता. ज्यानं विसरण्याचा अभ्यास केलाय त्यानं त्या रेघेकडे एकदा तरी संशयानं बघायला हवं होतं, कारण माणूस सरळ रेघेत शिकत नाही. मी बघितलं नाही.

त्या आकड्यावर मामीनं एक गोष्ट ठरवली. तिच्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया लवकर करायची होती. तिनं ती पुढे ढकलून घेतली. हिशेब असा, की मामा परीक्षा देणार, दाखला मिळणार, दोन महिन्यांत कागदपत्रं होणार, आणि तो पोचल्यावर आठ दिवसांनी शस्त्रक्रिया. नंतर सहा आठवडे तिला साधी बादलीही उचलता येणार नव्हती. घरी आपलं माणूस असलं तर बरं, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मामा त्या संध्याकाळी अर्ध्या जेवणावरून उठला. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी बाईंनी सराव परीक्षा घेतली. खरीखुरी, घड्याळ लावून. मामाला अडतीस गुण पडले.

बाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं की घरी अभ्यास होतो का. होतो, मी म्हटलं, पाचव्या कप्प्यात दोनशे त्रेसष्ट आहेत. त्यांनी मामाची चिठ्ठी लिहायची उत्तरपत्रिका पुढे केली. त्यात ‘उद्या’ आणि ‘काल’ हे दोन्ही शब्द नव्हते, मोकळ्या जागा होत्या. दोन्ही कार्डं मी पाचव्या कप्प्यात पाहिली होती.

घरी आले तेव्हा मामा मागच्या खोलीत कुणाचा तरी जुना शब्दकोश उसवत बसला होता. मी पेटी उघडली आणि पाचवा कप्पा टेबलावर काढला. काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. मग एका कार्डाच्या कोपऱ्यातली तारीख दिसली. नऊ दिवसांपूर्वीची. पहिल्या कप्प्यातून पाचव्यात जायला कमीत कमी एक, दोन, चार आणि आठ असे पंधरा दिवस लागतात. एकही चूक न करता. नऊ दिवसांचं कार्ड तिथे असूच शकत नव्हतं. मी दुसरं पाहिलं. अकरा दिवस. मग सहा. मी अशी कार्डं एका बाजूला लावत गेले आणि मामा हातातली सुई खाली ठेवून बघत राहिला.

त्याचं म्हणणं त्यानं सावकाश सांगितलं. सुरुवात खोटेपणानं झाली नव्हती. कार्ड हातात घेतलं, उत्तर आलं नाही, उलटून पाहिलं, आणि मागचा शब्द बघताच वाटलं की अरे, हे तर येत होतं. ओठावरच होतं. मग ते पुढच्या कप्प्यात. असं एक, असं दुसरं. ही चूक मला पुस्तकातून पाठ होती. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, आणि उत्तर दिसल्यावर दोन्ही सारखीच वाटतात. मी त्याला सांगितलं होतं का, मोठ्यानं म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही म्हणून? सांगितलं होतं. एकदा. त्याच्या डोक्यात ते राहिलं असेल असं मी धरून चालले होते.

“आणि नंतर?” मी विचारलं.

“नंतर साडेसहा वाजायचे,” मामा म्हणाला. “आदल्या दिवशी एकशे दहा सांगितलेले असायचे. आज एकशे दोन कसं सांगू?”

“मामा, पण ती शस्त्रक्रिया थांबवून बसलीय.”

“माहितेय.” त्यानं खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. “तुझ्या आजीला काही झालं ना, रात्रभर ओरडली, जेवली नाही, पाठीला जखम झाली, की मी फोनवर सांगायचो, आई मजेत आहे. पंधरा वर्षं सांगितलं. तिकडे ती एकटी, ऐकून करणार काय? मला खरं सांगायची सवयच राहिली नाही गं. खुशाली तेवढी सांगता येते.”

मी आलेख भिंतीवरून काढला. मग आम्ही दोनशे त्रेसष्ट कार्डं एकत्र पिसली आणि एकेक घेतलं. मी चित्र धरायचे, तो मोठ्यानं म्हणायचा, आणि कार्ड माझ्याच हातात राहायचं. चार वाजल्यापासून सहापर्यंत. त्याला चौऱ्याण्णव आली. तो आकडा त्यानं स्वतः मोजला, दोनदा.

चौऱ्याण्णव शब्दांवर तीन आठवड्यांत साठ गुण होत नाहीत. परीक्षेची पुढची तारीख तीन महिन्यांनी होती. हे दोघांनाही कळलं होतं. साडेसहाला फोन वाजला तेव्हा मी उठले, तर मामानं मला हातानं बसवलं. साक्षीदार पाहिजे, म्हणाला.

मामीनं नेहमीप्रमाणे विचारलं. मामा म्हणाला, “चौऱ्याण्णव.”

ती हसली. तिला वाटलं, फोनमध्ये आवाज तुटतोय. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. तारखा, कप्पे, अडतीस गुण, पुढची परीक्षा. आजीच्या पाठीची जखमही सांगितली, जिचं आता कुणाला काही करता येणार नव्हतं. तो पाच-सहा मिनिटं बोलला. फोन चालू आहे ना हे बघायला मी वाकून पडद्याकडे पाहिलं.

“अहो,” मामी शेवटी म्हणाली, “मी तीस-पस्तीस वर्षं ताप लिहितेय. पेशंटला बरं वाटावं म्हणून कधी कमी लिहिला नाही. डॉक्टर तो आकडा बघून औषध देतात हो.”

मामानं फोन जवळ ओढला.

“आईंच्या जखमेचं मला दिसलं होतं,” ती म्हणाली. “आल्यावर मीच अंघोळ घालायचे ना त्यांना. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

मग तिनं विषय बदलला, आणि तो कसा बदलला हे मी अजून विसरले नाही. ती म्हणाली की उद्या सकाळी ती डॉक्टरांना फोन करून लवकरची तारीख घेईल. तिच्याबरोबर काम करणारी एक जण दोन आठवडे राहायला येऊ शकेल, पुढचं पुढे. मामा येईपर्यंत थांबायचं आता कारण नव्हतं. आवाजात राग नव्हता. पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना सांगतात तसं तिनं ते सांगितलं. शेवटी म्हणाली, उद्यापासून पाचवा कप्पा सांगू नका. पहिल्यात किती परत आली आणि कोणती, ते सांगा.

आम्ही नव्यानं सुरुवात केली. न येणारी सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात घातली असती तर मामा त्यातच बुडाला असता, म्हणून ती एका पिशवीत ठेवली आणि रोज आठ काढायची ठरवलं. कार्ड आता त्याच्या हातात जायचं नाही. सकाळी मी धरायचे. संध्याकाळी फोनवर तो न आलेले शब्द आपल्या भाषेत वाचायचा, आणि मामी पलीकडून ते तिकडच्या भाषेत सांगायची, मग मधेच दुसरं काहीतरी बोलून पाच मिनिटांनी अचानक तोच शब्द विचारायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वृद्धाश्रमात विसरणाऱ्या माणसांना ती असंच विचारत असे, असं ती म्हणाली. मामा म्हणाला, म्हणजे मला आत्तापासूनच भरती केलं.

कधी कधी पहिल्या कप्प्यात वीस कार्डं परत यायची. तो वीस सांगायचा. पहिले काही दिवस आकडा सांगण्याआधी तो घसा खाकरायचा, पुढे ते थांबलं.

तीन आठवड्यांनी मामीची शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी तिनं फोनवर त्याच्याकडून पूर्ण ओळख म्हणून घेतली. नाव, वय, राहणं, काम, कुटुंब. ‘माझी पत्नी परिचारिका आहे’ हे वाक्य त्याला पहिल्यांदा न अडखळता आलं. त्यानंतर चार दिवस साडेसहाला फोन आला नाही. तिच्या सहकारी बाईंचा निरोप आला होता, व्यवस्थित झालंय, त्रास आहे. ‘व्यवस्थित’ म्हणजे नक्की किती, हे मामानं मला तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा तोच निरोप पुन्हा सांगितला. ते चारही दिवस तो सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं बसला. साडेसहाला तो फोनसमोर कार्डं घेऊन बसायचा आणि न आलेले शब्द वाचायचा. तिकडून उत्तर देणारं कुणी नसल्यामुळे ते मी द्यायचे, चुकीच्या उच्चारात.

पाचव्या दिवशी मामीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. कसं आहे, मामानं विचारलं. दुखतंय, ती म्हणाली. रात्री झोप लागली नाही, ताप अडतीस, म्हणजे आपल्याकडचा शंभराच्या जरा वर. त्यानं लिहून घेतलं. मग ती म्हणाली, तुमचं? सतरा, मामा म्हणाला.

परीक्षेला मी त्याला सोडायला गेले. ऐकण्याच्या भागाला त्यानं ध्वनिवर्धकाजवळची जागा मागून घेतली. बोलण्याच्या परीक्षेत चौघांना एकत्र बसवतात. इतर तिघं पोरं होती, असं त्यानं बाहेर आल्यावर सांगितलं. ओळख झाली, फोन नंबर सांगून झाला. मग चित्राचं कार्ड उचलून शेजाऱ्याला काहीतरी मागायचं असतं. त्याला बाटलीचं चित्र आलं. बाटली हा शब्द पाच कप्पे फिरून आलेला. तो गेला. पूर्ण गेला. त्यानं चित्राकडे पाहिलं, आणि मग पाणी पिण्याची खूण करून, येत असलेल्या शब्दांत म्हणाला, मला पाणी हवं आहे, कृपया. शेजारच्या मुलानं होकार दिला. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. त्यानंतर त्याला विचारलेलं त्याला कळलं नाही, तेव्हा त्यानं ‘कृपया पुन्हा सांगा’ म्हटलं. दोनदा.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ऐकणं अकरा, वाचणं एकोणीस, लिहिणं सतरा, बोलणं सतरा. मामानं कागद टेबलावर ठेवला, बेरीज पेन्सिलीनं पुन्हा केली आणि चौसष्टखाली रेघ मारली. मी म्हटलं, लगेच फोन करू या. तो म्हणाला, साडेसहाला.

मामी तोपर्यंत घरातल्या घरात फिरत होती. सहकारी बाई केव्हाच परत गेल्या होत्या. सहा आठवड्यांतले शेवटचे चार तिनं बादली न उचलता एकटीनं काढले होते, फरशी पुसायलाही तांब्या तांब्यानं पाणी घेऊन. मामाला हे माहीत होतं, कारण तिनं रोज सांगितलं होतं, आणि त्यानं रोज ऐकलं होतं.

त्यानं तिला गुण वाचून दाखवले, चारही भाग वेगवेगळे. तिनं बेरीज मोठ्यानं केली. मग म्हणाली, ऐकण्यात अकराच?

“अकराच,” मामा म्हणाला.

“आणि आज पहिल्या कप्प्यात?”

त्यानं पेटी जवळ ओढली. निकालाच्या दिवशीही सकाळची वीस मिनिटं झाली होती. त्यानं कार्डं एकेक करून मोजली, निळ्या, लाल, हिरव्या कडांची.

“तेवीस.”

“राहू देत,” मामी म्हणाली. “येताना घेऊन या.”